वय तीन, वजन ९.८ किलो: मुलाच्या तापाच्या औषधाची मात्रा कशी काढावी

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी नातीला कडेवर घेऊन आमच्या आरोग्य केंद्रात आल्या. मुलीच्या अंगात रात्रीपासून ताप होता आणि आजींच्या पिशवीत पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाच्या दोन बाटल्या होत्या. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडूनच नेलेली होती, तर दुसरी सणासाठी मुंबईहून आलेल्या धाकट्या सुनेने आपल्या मुलासाठी आणलेली होती. “बाय, चेडवाक ह्यातला किती देव?” असे त्यांनी विचारले. मुंबईच्या नातवाला त्याच्या डॉक्टरांनी साडेचार मिलिलिटर सांगितले होते. दोन्ही मुले एकाच वयाची म्हणून आदल्या रात्री आजींनी नातीलाही तेवढेच एकदा पाजले होते. मुलीचे वय विचारल्यावर त्या म्हणाल्या, “चौथा लागला.”

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे देण्याचे काम करते. उपकेंद्रावर नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका आणि आशाताई यांना मुलांची मात्रा कशी काढायची हे समजावताना मी याच मुलीचे उदाहरण घेते, कारण वयावरून मात्रा ठरवताना जे जे चुकू शकते ते जवळजवळ सगळे त्या दोन बाटल्यांमध्ये होते. पुढची सगळी आकडेमोड तोंडाने द्यायच्या पॅरासिटामॉलचीच आहे. दुसऱ्या औषधाला पद्धत हीच लागू पडते, आकडे मात्र त्या औषधाचे स्वतःचे असतात.

वयाचा तक्ता नेमके काय गृहीत धरतो

पोटात गेलेले औषध रक्तातून सगळ्या शरीरात पसरते. शरीर जेवढे लहान, तेवढी त्याच मात्रेची रक्तातली तीव्रता अधिक, आणि ते औषध निकामी करणारे यकृतही शरीराच्या मानानेच लहान. म्हणून मात्रेचा खरा संबंध शरीराच्या आकाराशी असतो, आणि आकाराचे हाताशी असलेले सर्वांत सोपे माप म्हणजे वजन. वयाचा तक्ता वजन टाळतो असे नाही. तो वजनाचा अंदाज आपल्या वतीने आधीच बांधून ठेवतो. “या वयाचे मूल साधारण एवढ्या किलोचे असेल” हे वाक्य प्रत्येक वयोगटामागे न लिहिता दडलेले असते.

हा अंदाज किती फसू शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यावरून दिसते. पूर्ण तीन वर्षांच्या मुलीचे मध्यम वजन सुमारे १४ किलो असते. परंतु त्याच वयाची पावणेअकरा किलोंची मुलगी आणि अठरा किलोंची मुलगी अशा दोघीही त्या तक्त्याच्या नेहमीच्या पट्ट्यातच बसतात, म्हणजे कमी वजनाच्या मुलींचा विचार करण्याआधीच सव्वासात किलोंचा फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधल्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. आपल्याकडे वयाचा तक्ता चुकला तर तो बहुधा जास्त मात्रेच्या बाजूला चुकणार, हे या आकड्यावरून ओळखावे. शहरातल्या स्थूल मुलाच्या बाबतीत तो उलट बाजूला चुकतो, मात्रा अपुरी पडते आणि “औषध लागू पडत नाही” म्हणून घरचे ती लवकर लवकर देऊ लागतात.

त्यात आपल्या बोलण्यातल्या वयाची आणखी एक अडचण आहे. “चौथा लागला” म्हणजे तीन पूर्ण होऊन चौथे वर्ष चालू आहे. पण ऐकणारा घाईत “चार” असे लिहितो आणि मूल एका वयोगटातून वरच्या वयोगटात जाते. म्हणून वय नेहमी जन्मतारखेवरून काढावे. माता व बाल संरक्षण कार्डावर ती असते. या मुलीच्या कार्डाप्रमाणे तिला तीन वर्षे आणि एक महिना झाला होता.

पहिली पायरी: वजन करणे

वजन ही गणितातली पहिली संख्या आहे. ती चुकली तर पुढचे सगळे बरोबर करूनही उपयोग नाही. झोळीचा काटा असेल तर रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणावा, मगच मूल बसवावे. पावसाळ्यात आमच्याकडे मुले ओला रेनकोट, स्वेटर आणि चपला घालून येतात; एवढ्याने अर्धा किलो सहज वाढतो आणि दहा किलोंच्या मुलात अर्धा किलो म्हणजे पाच टक्के. मूल रडून झोळीत हातपाय झाडत असेल तर काटा स्थिर होईपर्यंत थांबावे, किंवा आईला मुलासह डिजिटल काट्यावर उभे करून नंतर एकट्या आईचे वजन वजा करावे. त्या दिवशी आम्ही तसेच केले. मुलीला घेतलेल्या आजींचे वजन ६२.२ किलो आणि एकट्या आजींचे ५२.४ किलो भरले, म्हणून मुलीचे ९.८ किलो. ही वजाबाकी १०० ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणाऱ्या काट्यावरच करावी. घरगुती काट्याची सुई एक किलो इकडेतिकडे झाली तर मोठ्या माणसाचे काही बिघडत नाही, पण या मुलीच्या मात्रेत दहा टक्क्यांची चूक येते.

अंगणवाडीच्या नोंदीतले वजन वापरायला हरकत नाही, मात्र त्याची तारीख पाहावी. लहान बाळाचे वजन झपाट्याने वाढते, आणि जुलाबाने किंवा लांबलेल्या तापाने ते उतरतेही. पायांवर सूज असलेल्या कुपोषित मुलाचे वजन त्याच्या खऱ्या आकारापेक्षा जास्त भरते, हेही लक्षात ठेवावे. अशा मुलाची मात्रा वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय काढू नये.

नऊ किलो आठशे ग्रॅम हे सव्वातीन वर्षेही न झालेल्या मुलीसाठी फार कमी आहे. वजन केल्यामुळेच ते समजले, म्हणून त्याच दिवशी तिच्या दंडाचा घेर मोजला आणि तिचे नाव अंगणवाडी सेविकेकडे दिले. वय विचारून औषध दिले असते तर ही गोष्ट आमच्या नजरेतून निसटली असती.

दुसरी पायरी: बाटलीवरचा आकडा

पॅरासिटामॉलचे पातळ औषध एकाच तीव्रतेचे येत नाही. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले, पाच मिलिलिटरमध्ये २४० किंवा २५० मिलिग्रॅम असलेले, आणि अगदी लहान बाळांसाठी एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंब, असे तीन प्रकार दुकानात शेजारी शेजारी असतात आणि पहिल्या दोन बाटल्यांचा रंग, चव, खोके सारखेच असू शकते. म्हणून “एक चमचा दिले” किंवा “साडेचार मिली दिले” या वाक्याला, बाटली पाहिल्याशिवाय, काही अर्थ नसतो. आजींच्या पिशवीतली आमची बाटली १२० ची होती आणि मुंबईची २५० ची. चाकरमानी परत जातात तेव्हा उरलेल्या बाटल्या गावातच राहतात. गणपतीनंतर आणि शिमग्यानंतर घराघरात अशा जोड्या सापडतात, त्यामुळे त्या दिवसांत बाटली प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय मी मात्रा सांगत नाही.

बाटलीवर दोन गोष्टी वाचाव्यात. एक, पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम. त्याला पाचाने भागून एका मिलिलिटरमध्ये किती हे काढून ठेवावे. १२० च्या बाटलीत ते २४ मिलिग्रॅम येते आणि २५० च्या बाटलीत ५० मिलिग्रॅम. दुसरी, घटकांची यादी. सर्दी-तापाच्या कित्येक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल असतेच, आणि घरचे सर्दीचे एक व तापाचे एक अशी दोन औषधे देत असतील तर मुलाच्या पोटात तेच औषध दोनदा जात असते.

तिसरी पायरी: गणित

पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत, आणि दिवसभराची बेरीज दर किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत ठेवावी.

आपल्या मुलीसाठी ९.८ गुणिले १० म्हणजे ९८ मिलिग्रॅम ही खालची कड, आणि ९.८ गुणिले १५ म्हणजे १४७ मिलिग्रॅम ही वरची कड. या दोहोंमध्ये मोजायला सोपी पडेल अशी मात्रा निवडावी. १२० च्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिले तर १२० मिलिग्रॅम होतात, म्हणजे दर किलोमागे सुमारे १२. दिवसाच्या चार मात्रा धरल्या तर दर किलोमागे ४९. मात्रा मध्यावर आली, मोजायला सोपी झाली आणि दिवसाची मर्यादाही सांभाळली गेली. हेच १२० मिलिग्रॅम २५० च्या बाटलीतून द्यायचे असतील तर १२० भागिले ५० म्हणजे २.४ मिलिलिटर.

आता वयावरून काय झाले असते ते पाहू. १२० च्या औषधासाठी वापरल्या जाणाऱ्या एका परिचित वयोगटाच्या तक्त्यात दोन ते चार वर्षांसाठी साडेसात मिलिलिटर, म्हणजे १८० मिलिग्रॅम, असे सांगितलेले असते. चौदा किलोंच्या मुलीला ते दर किलोमागे १३ पडते आणि अगदी योग्य आहे. तक्ता करणाऱ्यांची चूक नाही. आपल्या मुलीला मात्र ते १८ पडते, आणि दिवसाचे चार वेळा धरले तर ७३. मुंबईच्या भावाचे वजन अठरा किलो होते, त्यामुळे २५० च्या बाटलीतले साडेचार मिलिलिटर, म्हणजे २२५ मिलिग्रॅम, त्याला दर किलोमागे साडेबारा पडत होते. तेच बहिणीला २३ पडले, आणि दिवसभर चालू राहिले असते तर ९२. याहून वाईट शक्यता म्हणजे तक्त्यातले साडेसात मिलिलिटर चुकून २५० च्या बाटलीतून मोजले जाणे. मग एका वेळी दर किलोमागे ३८ आणि दिवसभरात १५३ मिलिग्रॅम पोटात जातात. एवढी मात्रा यकृताला इजा करू शकते.

पहिल्या रात्रीच्या एका जादा मात्रेने मुलीला धोका नव्हता. ती मात्रा देऊन दहा तास झाले होते, म्हणून आम्ही त्याच वेळी पुढची योग्य मात्रा देऊ शकलो. धोका असतो तो थोडी थोडी जादा मात्रा तीन-चार दिवस चालू राहण्यात. पॅरासिटामॉलचा छोटा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि यकृतातला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला लगेच निकामी करतो. मूल तापात जेवत नसेल, मुळातच अशक्त असेल, तर या पदार्थाचा साठा कमी असतो आणि भरूनही निघत नाही. म्हणजे ज्या मुलाला वयाचा तक्ता जास्त मात्रा देतो, त्याच मुलाचे यकृत ती सोसायला सर्वांत कमी तयार असते. कमी वजनाच्या मुलासाठी मी वयावर मात्रा ठरवू देत नाही ते मुख्यतः यामुळे.

जादा मात्रा झाल्याचे लगेच कळत नाही, हे नव्या कार्यकर्त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पहिल्या दिवशी मळमळ आणि उलटी होते किंवा काहीच होत नाही, आणि उलटी झाली तरी घरचे ती तापाच्या खाती टाकतात. यकृताची इजा दिसू लागते ती दोन-तीन दिवसांनी, उजव्या बरगडीखाली दुखणे, वाढती उलटी, कावीळ, गुंगी अशा रूपात. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि एकदम मोठी मात्रा गेली असेल तर पहिल्या आठ तासांत तो सर्वांत चांगला काम करतो. म्हणून बाटलीतले बरेच औषध मुलाने प्यायल्याचा संशय असेल किंवा दिवसांची बेरीज फार वर गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता, बाटली सोबत घेऊन, रुग्णालय गाठावे.

चौथी पायरी: वयावरून उलट तपासणी

वजनावरून काढलेली मात्राही चुकते, आणि चुकते तेव्हा दहापटीने चुकू शकते. ९.८ चा दशांश बिंदू ओल्या कागदावर पुसट झाला तर ९८ होतात. मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर म्हणून वाचला जातो. पुस्तकात दिवसभराची मात्रा दिलेली असते आणि ती एका वेळची समजून दिली जाते. प्रतिजैविकांच्या बाबतीत ही चूक मी अधिक वेळा पाहिली आहे, कारण ॲमॉक्सिसिलिनसारख्या औषधाची मात्रा अनेकदा “दर किलोमागे दर दिवशी, दोन भागांत” अशी लिहिलेली असते.

वयाचा खरा उपयोग मला इथे होतो. मात्रा वजनावरून काढून झाली की ती वयाच्या तक्त्याशेजारी ठेवावी. आपल्या मुलीची पाच मिलिलिटरची मात्रा तक्त्यात सहा महिने ते दोन वर्षांच्या गटात बसते, म्हणजे तिच्या वयाच्या लगतच्या खालच्या गटात. मूल लहानखुरे आहे हे डोळ्यांना दिसते, तेव्हा हा फरक समजण्यासारखा आहे. उत्तर लगतच्या गटाच्याही पलीकडे गेले असते तर मी औषध न देता पुन्हा वजन केले असते आणि गणित दुसऱ्या व्यक्तीकडून करून घेतले असते. वजनासाठीही अशीच एक जुनी खूण आहे: एक ते सहा वर्षांच्या मुलाचे अपेक्षित वजन म्हणजे वयाची दुप्पट अधिक आठ. तीन वर्षांसाठी ते चौदा येते. वर्षाच्या मुलाच्या नावापुढे काट्यावरून १९.८ लिहिले गेले असेल तर या खुणेने चूक तिथेच पकडली जाते. काटा उपलब्ध असताना या सूत्रावरून मात्रा मात्र काढू नये, कारण ते मध्यम मुलाचे वजन सांगते, समोरच्या मुलाचे नव्हे.

मोठ्या मुलांत आणखी एक मर्यादा पाळावी लागते. बारा वर्षांच्या सत्तर किलोंच्या मुलाला दर किलोमागे १५ धरले तर १०५० मिलिग्रॅम येतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका वेळच्या कमाल १००० मिलिग्रॅमपेक्षाही जास्त. जादा चरबीचे वजन वाढते त्या प्रमाणात यकृताची क्षमता वाढत नाही, म्हणून वजनावरची मात्रा मोठ्यांच्या मात्रेपाशी थांबवावी. आमच्याकडे अशा मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी देतो आणि त्याहून जास्त लागेल असे वाटले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारतो.

पाचवी पायरी: मोजून देणे

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये. घरोघरचे चमचे सारख्या मापाचे नसतात. तोच “एक चमचा” एका घरी पाच मिलिलिटरहून बराच कमी आणि दुसऱ्या घरी बराच जास्त भरतो. बाटलीसोबतचे मापाचे झाकण पाच मिलिलिटरला ठीक आहे, पण २.४ मिलिलिटर त्यात मोजता येत नाही. त्यासाठी सुई नसलेली, तोंडाने औषध द्यायची सिरिंज घ्यावी. आजींना आम्ही सिरिंजवर पाचाच्या रेघेवर चिकटपट्टी लावून दिली, २५० ची बाटली घरात वेगळ्या फळीवर ठेवायला सांगितली, आणि त्यांच्याकडूनच एकदा पाणी भरून मोजून घेतले. पहिल्या वेळी त्यांनी रेघेऐवजी फुग्याच्या वरच्या कडेपर्यंत भरले होते, त्यामुळे हवेचा फुगा काढून टाकायलाही शिकवले. औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे, घशात जोराने मारू नये.

बाटलीवर मी चार गोष्टी लिहिते: मुलाचे नाव, वजन, वजनाची तारीख आणि एका वेळचे मिलिलिटर. मिलिग्रॅम घरच्यांच्या उपयोगाचे नसतात. ते आमच्या नोंदवहीत लिहावेत. अर्धा लिहायचा असेल तर बिंदूआधी शून्य द्यावे, म्हणजे ०.५. शून्य नसताना बिंदू पुसला गेला तर पाच होतात.

वय जिथे निर्णय करते

वजन मात्रा किती हे सांगते, पण औषध मुळात द्यायचे की नाही हे पुष्कळदा वयावर ठरते. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर त्याचे वजन कितीही चांगले असो, घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालयात पाठवायचे. या वयात ताप हे गंभीर जंतुसंसर्गाचे एकमेव चिन्ह असू शकते. तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावे. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड अजून पुरते तयार नसतात, त्यामुळे दर किलोमागचा आकडा आणि दोन मात्रांमधले अंतर हेच त्या वयात बदलते आणि वर केलेले गणित लागू पडत नाही.

काही बंधने कायद्याने घातलेली आहेत. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन यांचे सर्दीचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचे आदेश २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी दिले. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देत नाहीत. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू असतोच. तो नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेनही टाळावे, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. लेप्टोस्पायरोसिसचा विचारही त्याच दिवसांत करावा लागतो, म्हणून तीन दिवसांपलीकडे ताप राहिला तर मात्रा वाढवण्याऐवजी रक्ताची तपासणी करून घ्यावी.

आणि काही ठिकाणी वयोगट हीच योग्य पद्धत आहे. जुलाबासाठी झिंक दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, असे देतात. जीवनसत्त्व ‘अ’ची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक लाख युनिटची आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांची असते. जंताची अल्बेंडाझोलची गोळी एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्यापुढे पूर्ण, म्हणजे ४०० मिलिग्रॅम, कुटून द्यायची. मोहिमेच्या दिवशी अंगणवाडीत चाळीस मुले रांगेत असताना प्रत्येकाचे गणित करत बसण्याने चुका वाढतील. ही औषधे ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या अंतराने देण्याची असतात, आणि परिणाम होणारी मात्रा व अपाय होणारी मात्रा यांच्यात अंतर मोठे असते. अल्बेंडाझोल तर मुख्यतः आतड्यातच काम करते आणि रक्तात थोडेच शोषले जाते. लसींचेही वयच पाहायचे, कारण लसीला मिळणारा प्रतिसाद किलोंच्या हिशेबाने वाढत नाही.

वजनाचे गट

भरती-ओहोटी सांभाळत खाडीपलीकडच्या वाडीत पोहोचलेल्या आशाताईने प्रत्येक वेळी गुणाकार-भागाकार करावा अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तिच्यासाठी वयाच्या तक्त्याचा सोपेपणा ठेवून त्यातले वय काढून टाकता येते. पाच मिलिलिटर म्हणजे १२० मिलिग्रॅम; १२० भागिले १५ केले तर ८ येतात आणि १२० भागिले १० केले तर १२. म्हणजे ८ ते १२ किलोंच्या कोणत्याही मुलाला, मग ते एक वर्षाचे गुटगुटीत असो की तीन वर्षांचे लहानखुरे, १२० च्या बाटलीतले पाच मिलिलिटर योग्य कक्षेत बसतात. याच रीतीने ६ ते ८ किलोंना साडेतीन मिलिलिटर, १२ ते १८ किलोंना साडेसात आणि १८ ते २४ किलोंना दहा मिलिलिटर असे गट होतात. मूल बरोबर सीमेवर असेल तर खालचा गट घ्यावा. १२५ ची बाटली असली तरी हेच मिलिलिटर चालतात. २४० किंवा २५० ची असेल तर ते निम्मे करावेत.

आमच्या केंद्रात हा चार ओळींचा तक्ता १२० च्या बाटल्यांच्या कप्प्याच्या दारावर लावलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर तीव्रता मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. २५० च्या बाटल्या दुसऱ्या कप्प्यात असतात आणि त्यांचा तक्ता तिथल्याच दारावर. आजींची नात दिवाळीनंतर वजनाला आली तेव्हा १०.९ किलो भरली. तिच्या बाटलीवरची तारीख मी बदलली, पाच मिलिलिटर तेच ठेवले.